बाळंतपणानंतर आणि वाढत्या वयात बदललेलं पायाचं माप: पुन्हा कधी मोजायचं, कसं मोजायचं

प्रश्न: माझं वय ३१. पहिलं बाळंतपण होऊन पाच महिने झाले. आधी मला यूके ५ चे बूट व्यवस्थित बसायचे. सातव्या महिन्यात पाय सुजले म्हणून ७ नंबरच्या चपला घेतल्या, त्या आता सैल होतात. पण जुने ५ चे बूट चवड्यावर आवळतात. वजन जवळपास पूर्वीइतकं झालंय. पाय खरंच वाढतो का, की ही सूजच आहे? परत माप कधी घ्यावं? माझ्या आईचंही (वय ६३) माप गेल्या दहा वर्षांत ५ वरून ६ झालंय, तरी तिच्या करंगळीला कुरूप होतं. दोघींसाठी बूट घ्यायचे आहेत.

उत्तर:

गरोदरपणात तुमच्या पायात दोन वेगळे बदल एकाच वेळी झाले. एक सूज, जी आता ओसरली, म्हणून ७ नंबर सैल झाला. दुसरा बदल पायाच्या कमानीत झाला. तो बहुधा तसाच राहणार आहे, म्हणून ५ नंबर आवळतो. पाचवा महिना ही माप घ्यायची अगदी योग्य वेळ आहे. आईचं माप वेगळ्या पद्धतीने घ्यावं लागेल, त्याकडे शेवटी येते.

मी बावीस वर्षं पायांची मापं घेऊन बूट आणि आतल्या गाद्या बसवून देण्याचं काम करते. सर्वांत जास्त गोंधळ एका गोष्टीचा होतो. पाय वाढला म्हटलं की लोकांना बोटं पुढे गेली असं वाटतं, आणि ते एक नंबर मोठा मागतात. प्रौढ माणसाची हाडं वाढत नाहीत. मुलींच्या पायाची हाडं साधारण चौदा-पंधरा वर्षांपर्यंत वाढून थांबतात. पुढे पाय लांब होतो तो हाडांची मांडणी पसरल्यामुळे.

तळव्याची आतली बाजू धनुष्यासारखी समजा. मागचं टोक टाचेत, पुढचं टोक चवड्यात, आणि खालून दोरीसारखे ताणलेले अस्थिबंध. ही दोरी थोडी ढिली झाली की धनुष्य चपटं होतं आणि त्याची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात. पाय लांब होतो तो इथे, टाच आणि चवडा यांच्या मधल्या भागात. चवड्यातल्या पाच हाडांना एकत्र धरणारे बंधही सैलावतात, म्हणून पाय रुंद होतो. बोटं मात्र तेवढीच राहतात.

गरोदरपणात ही दोरी का सैलावते? रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक अस्थिबंध सैल करतं असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण सगळं त्याच्या माथी मारता येत नाही. दहा-बारा किलो वजन काही महिन्यांत वाढतं, पोट पुढे आल्याने शरीराचा तोल बदलतो, चालताना पावलं फाकतात आणि भार पायाच्या आतल्या बाजूवर येतो. आधीच सैलावलेल्या बंधांवर हा भार महिनोन् महिने रोज पडत राहतो. बाळंतपणानंतर वजन उतरतं, संप्रेरकं पूर्ववत होतात, पण ताणला गेलेला बंध पुन्हा आखडून पूर्वीइतका होईलच असं नाही.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ४९ गर्भवतींचे पाय पहिल्या तिमाहीत आणि नंतर बाळंतपणाला साधारण १९ आठवडे झाल्यावर मोजले होते. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ ते सत्तर टक्के बायकांचे पाय लांब किंवा रुंद झाले होते, आणि लांबीतली वाढ २ ते १० मिलिमीटर होती. बहुतेक बदल पहिल्याच बाळंतपणात झालेला दिसला. ४९ हा आकडा लहान आहे, पण माझ्या वहीतली मापंही याच दिशेने जातात. दुसऱ्या खेपेला माप पुन्हा तेवढंच वाढलं असं मला फार क्वचित दिसलं आहे. म्हणजे तुमच्या आईच्या पिढीतला 'प्रत्येक बाळंतपणाला एक नंबर' हा हिशेब धरून पुढच्या वेळची खरेदी आधीच करून ठेवू नका.

सुजेची गोष्ट निराळी. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग बराच वाढतो, आणि वाढलेलं गर्भाशय पायांकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब टाकतं, म्हणून पाणी पायात उतरतं. सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते, पावलाच्या वरच्या भागावर आणि घोट्याभोवती दिसते. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत ती कधीकधी वाढतेही, पण सव्वा महिना होईपर्यंत बहुतेकींची उतरते. सूज पायाचा घेर आणि उंची वाढवते, लांबी फारशी वाढवत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण सुजलेल्या पायासाठी नंबर वाढवून घेतलेला बूट पुढे जवळपास नेहमीच चुकतो.

दोन सूचना इथेच देते, कारण त्यांना उशीर चालत नाही. गरोदरपणात चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं सतत दुखू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगड्यांखाली दुखलं, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या. आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी तडक दवाखान्यात जा.

आता एका पायाची मापं सविस्तर सांगते, म्हणजे तुमचा ५ नंबर का आवळतो ते दिसेल. एक शिक्षिका टाचदुखीसाठी माझ्याकडे आल्या होत्या. वय २९, तेव्हा गरोदरपणाचा दहावा आठवडा चालू होता. त्यांचा डावा पाय मोठा, म्हणून त्याचीच मापं देते. उभं राहून, संध्याकाळी: लांबी २४० मिलिमीटर, चवड्याची रुंदी ९३, चवड्याभोवतीचा घेर २२६. टाचेपासून अंगठ्यामागच्या उंचवट्यापर्यंत १७४. बूट यूके ५ चे, छान बसत होते.

बत्तिसाव्या आठवड्यात लांबी २४४, रुंदी ९९ आणि घेर २४१ झाला होता. घेर तब्बल १५ मिलिमीटरनी वाढलेला. त्यांनी दुकानात जाऊन जे सैल वाटेल ते मागितलं आणि ७ नंबरचे बंद बूट घेतले. बाळंतपणानंतर दीड महिन्याने लांबी २४५, रुंदी ९६, घेर २३३. पाच महिन्यांनी लांबी तीच २४५, रुंदी ९५, घेर २३१. बाळ वर्षाचं झाल्यावर पुन्हा मोजलं, तेव्हाही पाच महिन्यांचीच मापं कायम होती. घेरातले दहा मिलिमीटर सुजेचे होते, ते गेले. लांबीतले पाच मिलिमीटर राहिले.

ते पाच मिलिमीटर कुठे होते? टाचेपासून अंगठ्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं माप १७४ वरून १७९ झालं होतं. पुढचा बोटांचा भाग आधीही ६६ होता आणि नंतरही ६६. म्हणजे सगळी वाढ कमानीत. त्यांच्या जुन्या ५ नंबरच्या बुटात बोटांपुढे जागा अजून होती, कमी झालेली पण होती. तरी बूट आवळत होता, कारण बुटाचा सर्वांत रुंद भाग जिथे होता, तिथून त्यांचा चवडा पाच मिलिमीटर पुढे सरकला होता. पायाचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या निमुळत्या होणाऱ्या भागात जाऊन बसला होता. तुमच्या बाबतीतही हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. बोटं पुढे टेकत नाहीत आणि चवडा मात्र आवळतो, ही त्याची खूण.

ही खूण घरी तपासता येते. जुना बूट घाला, उभं राहून टाच उचला, आणि बूट कुठे मोडतो ते पाहा. बुटाच्या वरच्या चामड्यावरची घडी आणि तुमच्या बोटांच्या मुळाची रेघ एकाच जागी यायला हवी. घडी पायाच्या मागे पडत असेल, तर पाय बुटासाठी पुढे गेलेला आहे. उलट त्या शिक्षिकेच्या ७ नंबरच्या बुटात घडी पायाच्या बरीच पुढे पडत होती, टाच दर पावलाला निसटत होती, आणि बाळाला कडेवर घेऊन जिना उतरताना त्या घसरल्या. सुदैवाने कठडा हाताशी होता. कडेवर मूल असताना टाचेतून निसटणारा बूट मला अजिबात चालत नाही. तुमच्या ७ नंबरच्या चपला सैल झाल्या असतील, तर त्या घराबाहेर वापरू नका.

आता माप कसं घ्यायचं. सूज खरंच गेली आहे का, ते आधी पाहा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर सूज आहे. मग एका दिवशी सकाळी आणि संध्याकाळी चवड्याचा घेर शिवणकामाच्या टेपने मोजा. दोन्हीत चार-पाच मिलिमीटरचा फरक असेल तर चालेल, तेवढा सगळ्यांचाच असतो. एक सेंटिमीटरच्या घरात असेल, तर कायमचे बूट घ्यायची घाई करू नका, आणि सूज सव्वा महिन्यानंतरही रेंगाळली असेल तर डॉक्टरांना दाखवा. पाचव्या महिन्यात तुमचा फरक थोडाच असेल असं वाटतं.

माप संध्याकाळीच घ्या, कारण दिवसभराच्या वापरानंतरचा पायच बुटात राहायचा असतो. कडक फरशीवर भिंतीला चिकटवून ए४ कागद ठेवा. टाच भिंतीला टेकवा आणि सरळ उभं राहून दोन्ही पायांवर सारखं वजन द्या. खूण दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा. स्वतः वाकून खूण केली की भार पुढे जातो, टाच भिंतीपासून सुटते आणि माप चुकतं. पेन्सिल उभी धरायची. तिरकी धरली तर ती पायाखाली शिरते आणि रुंदी कमी भरते. बरेच जण नेमकी हीच चूक करतात. सर्वांत लांब बोटापाशी एक खूण, ते अंगठ्याशेजारचं बोटही असू शकतं. एक खूण अंगठ्यामागच्या उंचवट्यापाशी आणि एक करंगळीमागच्या उंचवट्यापाशी. मग कागदावरून तीन आकडे काढा: भिंतीपासून बोटापर्यंत, भिंतीपासून अंगठ्यामागच्या उंचवट्यापर्यंत, आणि दोन उंचवट्यांमधलं अंतर. चवड्याभोवतीचा घेर उभं राहूनच, टेप न आवळता घ्या. हे सगळं दोन्ही पायांचं. खरेदी मोठ्या पायाच्या मापाने करायची. कागदावर तारीख घालून तो बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी ठेवून द्या, म्हणजे हरवणार नाही.

एकदा बसूनही लांबी मोजा. उभं राहिल्यावर ती काही मिलिमीटर वाढते. हा फरक दोन पायांत बराच वेगळा निघाला, तर ज्या पायाचा फरक जास्त त्याची कमान भाराखाली जास्त दबते. त्या पायाला आतून आधार देणारी गादी लागू शकते. नुसता मोठा नंबर त्यावर उपाय होत नाही.

दुकानात धातूची एक पट्टी असते, तिच्यावर पाय ठेवून सरकता तुकडा बोटांपर्यंत आणतात. ब्रॅनॉक हे तिचं मूळ नाव. अमेरिकेतल्या सिराक्यूज शहरातल्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात ती बनवली. त्या पट्टीवर बोटापर्यंतची लांबी, कमानीची लांबी आणि रुंदी अशी तिन्ही मापं येतात, पण दुकानांत बहुतेक वेळा पहिलंच घेतात. आतल्या बाजूला एक छोटा सरकता तुकडा असतो, तो अंगठ्यामागच्या उंचवट्याला लावून कमानीचा नंबर वाचता येतो. तो बोटांच्या नंबरापेक्षा मोठा निघाला, तर कमानीचा नंबर धरायचा. विक्रेत्याला हे माप घ्यायला आवर्जून सांगा. बाळंतपणानंतरच्या पायात फरक इथेच असतो.

बूट घेताना नंबर बाजूला ठेवा आणि सेंटिमीटर पाहा. यूकेचा एक पूर्ण नंबर म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, युरोपीय नंबर म्हणजे साडेसहा-पावणेसात. तुमचा पाय पाच मिलिमीटरनी वाढला असेल, तर तो ५ आणि ६ च्या मध्ये पडतो, आणि बायकांच्या बुटांत आपल्याकडे साडेपाच सहसा मिळत नाही. अशा वेळी ६ घ्या, पण नाडीचा किंवा वरून पट्टा असलेला, म्हणजे पाय मागे धरून ठेवता येतो. त्या शिक्षिकेलाही शेवटी ६ नंबरचा रुंद बूट, नाडीचा, असाच बसला. ऑनलाइन तक्त्यात 'पायाची लांबी' दिली आहे की 'आतल्या गादीची लांबी', ते नीट वाचा. गादी पायापेक्षा १० ते १२ मिलिमीटर लांब असायला हवी, त्यामुळे दोन्हीत गल्लत झाली की एक नंबराची चूक सहज होते.

यूके आणि युरोपीय नंबर मुळात आपल्या पायांवरून बनलेले नाहीत, हेही लक्षात असू द्या. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली. त्या पाहणीत आपले पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा साधारणपणे रुंद निघाले. बाळंतपणाआधीच रुंदीला जेमतेम बसणारा बूट वापरण्याची सवय असते, ती यामुळे. वर आणखी दोन-चार मिलिमीटर वाढले की लगेच जाणवतं.

बूट घरी आला की फरशीवर चालून बघण्याआधी आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर टाच मागे लावून उभ्या राहा. सर्वांत लांब बोटापुढे तीच १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. बाजूने पाय गादीबाहेर सांडता कामा नये. सांडत असेल तर नंबर वाढवू नका, रुंद मापाचा बूट शोधा. मला सगळ्या चाचण्यांत ही सर्वांत भरवशाची वाटते. फक्त गादी निघत असली पाहिजे.

तुमच्या जुन्या ५ नंबरच्या बुटांबद्दल. अस्सल चामड्याचे असतील तर चांगला चांभार ते लाकडी फर्म्यावर चढवून रुंदीला थोडे सैल करून देतो, अगदी दुखऱ्या जागेपुरतेही. लांबी मात्र वाढत नाही. चवडा पुढे गेल्यामुळे आवळत असतील तर हा उपाय अर्धाच ठरतो. रेक्झिनचे बूट ताणले तरी पुन्हा मूळ आकाराला येतात, त्यावर पैसे घालवू नका. कोल्हापुरी चपलेत लांबी कमी पडल्याचं पुढून कळत नाही, कारण पुढे भिंतच नसते. टाच मागे काठाबाहेर येते, काठ टाचेत रुततो आणि तिथेच भेगा वाढतात. टाच बाहेर येत असेल तर ती चप्पल लहान झाली समजा, पट्टा कितीही सैल वाटला तरी.

पुन्हा कधी मोजायचं, तेही सांगते. पुढच्या वेळी गरोदर राहिलात तर पहिल्या तीन महिन्यांतच एकदा मोजून ठेवा, कारण नंतर तुलना करायला आधीचा आकडा लागतो आणि तो जवळपास कोणाकडेच नसतो. मध्ये कधीही बूट काढल्यावर पायावर शिवणीची खूण अर्ध्या तासाने दिसत राहिली, की मोजा आणि फक्त तात्पुरता जोड घ्या: पुढे-मागे दोन्हीकडे सैल-घट्ट करता येणारे पट्टे, मागे टाचेला पट्टा, टाच एक-दोन सेंटिमीटर. डोहाळजेवणासाठी नवे सँडल घ्यायचे असतील तर तेही याच प्रकारचे घ्या, दोन तास उभं राहायचं असतं. कायमचे बूट बाळंतपणानंतर चार-पाच महिन्यांनी, वजन स्थिर झाल्यावर. त्यानंतर दोन वर्षांतून एकदा, पन्नाशीनंतर दरवर्षी. शिवाय वजनात पाच-सात किलोंचा फरक पडला, घोटा मुरगळला किंवा मोडला, तर लगेच.

जोडव्यांबद्दल एक वाक्य राहिलंच. गरोदरपणात बोटातलं जोडवं सहज फिरतंय तोवरच काढून ठेवा. अडकलं तर पाय उंच धरून, साबण लावून, फिरवत काढा. बोट काळंनिळं दिसत असेल तर सोनाराकडे किंवा दवाखान्यात कापून घ्या, वाट बघू नका. मी एका सुनेचं जोडवं नवव्या महिन्यात कापलेलं पाहिलं आहे. घरच्यांना वाईट वाटत होतं, पण बोट वाचलं.

आता तुमची आई. वयानुसार कमान खाली येते ती याच कारणाने, फक्त वीस-तीस वर्षांत सावकाश. अस्थिबंध सैलावतात. नडगीच्या मागून घोट्याच्या आतून येणारी आणि कमान उचलून धरणारी एक स्नायूची दोरी थकते. अंगठा शेजारच्या बोटाकडे वळतो आणि त्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं. या वयात मात्र आणखी एक गोष्ट होते, ती बाळंतपणात होत नाही: बोटं आखडून वर वाकतात. त्यामुळे गंमत अशी होते की पाय खरंतर लांब झालेला असतो, पण वाकलेल्या बोटांमुळे कागदावर लांबी वाढलेली दिसत नाही. कमानीचं माप वाढलेलं असतं, बोटांचं घटलेलं असतं. म्हणून आईचं टाचेपासून अंगठ्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं माप जास्त महत्त्वाचं. आणि बोटांची उंचीही मोजा: सर्वांत उंच वाकलेल्या बोटाच्या सांध्यापर्यंत जमिनीपासून किती, ते पट्टी उभी धरून. बुटाचा पुढचा भाग तेवढा उंच हवा.

करंगळीला कुरूप होतं म्हणजे लांबी पुरली, रुंदी नाही पुरली. ५ वरून ६ वर गेल्याने पुढे रिकामी जागा झाली, पण करंगळीपाशी बूट फार थोडा रुंद झाला. आणखी ७ वर नेलंत तर पाय आत पुढे-मागे सरकेल, बोटं धरून ठेवायला आणखी आखडतील, आणि कुरूप वाढेल. त्यांना त्याच लांबीत रुंद माप, पुढून गोल आणि उंच असा बूट पाहा. कुरूप ब्लेडने कापू नका, आणि ते जाळण्याची औषधी पट्टीही मधुमेह असेल तर मुळीच लावू नका.

त्यांना मधुमेह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर 'बरा वाटतो' यावर बूट ठरवू नका. संवेदना कमी झालेल्या पायाला घट्ट बूटच नीट बसल्यासारखा वाटतो, कारण सैल बूट त्यांना जाणवतच नाही. प्रत्येक खरेदीला माप आणि गादीवर उभं राहण्याची चाचणी, आणि नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच, मग बूट काढून पायावर लालसर डाग बघायचे. मधुमेह असताना एक पाऊल अचानक गरम, लाल आणि सुजलेलं दिसलं, दुखत नसलं तरी, त्यावर वजन न देता लगेच दाखवा. तळव्यातली हाडं मोडत असण्याची ती खूण असू शकते आणि काही आठवड्यांत पायाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेत असतील तर त्या गोळीने दोन्ही घोटे सुजू शकतात, हे अनेकांना माहीत नसतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं, आणि गोळी बदलली तर महिनाभराने माप पुन्हा घ्यायचं.

शेवटी, त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करा आणि मागून बघा. एका पायाच्या बाहेरच्या बाजूला करंगळी आणि फार तर तिच्या शेजारचं बोट दिसावं. एकाच पायाची तीन-चार बोटं दिसत असतील, तर त्या पायाची कमान दुसऱ्यापेक्षा जास्त कोसळते आहे. मग त्यांना हाताने भिंत धरून त्या एका पायावर टाच उचलायला सांगा. उचलता आली नाही किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला दुखलं, तर बूट घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण ती थकलेली स्नायूची दोरी वेळेत आधार दिला तर सांभाळता येते, आणि त्यांना लागणारा बूट मग त्या आधाराच्या मापाने निवडावा लागेल.